आज कर की उद्या कर्ज? खिसा एकच!

आम्ही शाळेत शिकवतो. दर महिन्याच्या पगारपत्रकात एक छोटी ओळ असते: व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत तीच ओळ ३०० होते. म्हणजे अकरा महिने दोनशे आणि एक महिना तीनशे, वर्षाचे २,५०० रुपये. राज्यघटनेनेच या कराला ही वरची मर्यादा घातली आहे. बहुतेक शिक्षकांना ही ओळ पाठ असते, पण ती आली कुठून हे फार थोड्यांना माहीत असतं.

ही ओळ १९७५ साली आली. १९७२ च्या भीषण दुष्काळानंतर महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेत हाताला काम मागणाऱ्याला सरकारने काम द्यायचं होतं. त्यासाठी पैसा कुठून आणायचा? राज्याने नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला, आणखी काही करांवर अधिभार लावला, आणि जमा होईल तेवढीच भर आपल्या तिजोरीतून घालायचं ठरवलं. शहरातल्या पगारदाराने भरायचं आणि खेड्यातल्या मजुराला काम मिळायचं. सरकारने खर्चही सांगितला आणि बिलही त्याच वेळी हातात दिलं.

आता दुसरं टोक पाहा. २८ जून २०२४ रोजी राज्याच्या अतिरिक्त अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना' जाहीर झाली. पात्र महिलेच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये. खांबपासून रोह्यापर्यंत, नागोठण्यापासून पेणपर्यंत कितीतरी घरांत हे पैसे आले, आपल्या मोहल्ल्यांतही आले. पण या योजनेसाठी पगारपत्रकात नवी ओळ आली नाही. दुकानाच्या बिलावरही 'लाडकी बहीण कर' असं काही छापलं गेलं नाही. मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पात २०२५-२६ साठी या एका योजनेला ३६,००० कोटी रुपये ठेवले होते, आणि त्याच वर्षी राज्याची राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून भरायची रक्कम, सुमारे १ लाख ३६ हजार कोटी दाखवली होती. तिजोरीतला पैसा एकमेकांत मिसळतो, त्यामुळे अमुक योजना पूर्णपणे कर्जावर चालते असं बोट दाखवून सांगता येत नाही. पण खर्च वाढला आणि त्या मापाने कर वाढला नाही, तर फरक कर्जातूनच भरला जातो हे उघड आहे.

मग प्रश्न असा: सरकारने खर्चासाठी आज कर घेतला काय आणि आज कर्ज काढलं काय, आपल्या घराला त्याने फरक पडतो का? अर्थशास्त्रात याचं एक चकित करणारं उत्तर आहे. घरातली माणसं पुढचा विचार करणारी असतील, तर फरक पडत नाही. हे कसं, आणि कुठे हे गणित मोडतं, ते आज समजून घेऊ.

जमातीच्या पत्र्याचा हिशोब

सरकारचे आकडे मोठे, म्हणून आधी मोहल्ल्यातलं उदाहरण घेऊ. समजा एका गावात आपल्या जमातीची ६० घरं आहेत. पावसाळ्याआधी जमातखान्यावर पत्र्याची शेड टाकायची आहे. खर्च तीन लाख. प्रत्येक घराच्या वाट्याला पाच हजार येतात.

पहिला मार्ग: यंदाच प्रत्येक घराकडून पाच हजार वर्गणी घ्यायची. दुसरा मार्ग: गावातल्याच एका व्यापाऱ्याकडून तीन लाख कर्जे-हसना घ्यायचं, व्याज नाही, आणि पुढच्या वर्षी प्रत्येक घराकडून पाच हजार गोळा करून फेडायचं.

दुसऱ्या मार्गात यंदा घरात पाच हजार जास्त राहिले. हे घर श्रीमंत झालं का? घरची कर्ती बाई हिशोबी असेल तर ती म्हणेल, "हे पैसे आपले नाहीत, जमातीची अमानत आहे. पुढच्या शाबानमध्ये मागायला येणारच." ती पाच हजार डब्यात बाजूला ठेवेल. ईदचे कपडे, मुलाची फी, माशाचा खर्च, सगळं पहिल्या मार्गात जेवढं झालं असतं तेवढंच होईल. शेड दोन्ही मार्गांत यंदाच झाली. सिमेंट, पत्रे, मजुरी यंदाच लागली. फक्त पाच हजार कोणत्या वर्षी घराबाहेर पडले एवढाच फरक, आणि तोही डब्याने मिटवला.

सगळा सिद्धांत एवढाच आहे. सरकारचं आजचं कर्ज म्हणजे उद्याचा कर. ज्याला हे दिसतं तो आज कमी भरलेला कर खर्च करत नाही, साठवतो. सरकार जेवढं जास्त कर्ज काढतं तेवढीच घरांची बचत वाढते, आणि बाजारातली एकूण खरेदी होती तशीच राहते.

इथे एक गैरसमज होतो, तो आधीच दूर करू. हा सिद्धांत 'सरकारी खर्चाचा काही परिणाम होत नाही' असं म्हणत नाही. शेड झाली की झाली. विहीर खोदली की पाणी लागेल किंवा नाही लागणार, पण मजुरी तर मिळाली. खर्च ठरलेला आहे असं धरून तो फक्त एवढंच म्हणतो की, त्याचा पैसा करातून आला की कर्जातून, याने घराच्या एकूण कुवतीत फरक पडत नाही. घरावरचा खरा बोजा सरकारने काय आणि किती खर्च केला यावर ठरतो. कर की कर्ज यावर त्या बोजाची तारीख ठरते.

व्याज आलं तर?

जमातीचं कर्ज बिनव्याजी होतं. सरकारचं तसं नसतं. राज्य सरकार कर्जरोखे काढतं, रिझर्व्ह बँक त्यांचा लिलाव करते, आणि बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी ते घेतात. अलीकडच्या काळात त्यावर साधारण सात टक्क्यांच्या आसपास व्याज द्यावं लागतं. मग व्याजामुळे कर्जाचा मार्ग महाग नाही का पडत?

लाडक्या बहिणीचेच आकडे घेऊ. ३६,००० कोटी रुपये पूर्णपणे कर्जातून आले असं समजा. हिशोब सोपा व्हावा म्हणून राज्यात तीन कोटी कुटुंबं धरू. एका कुटुंबाच्या वाट्याला १२,००० रुपये आले. कर लावला असता तर या वर्षी सरासरी १२,००० भरावे लागले असते. त्याऐवजी सरकारने दहा वर्षांसाठी सात टक्क्यांनी कर्ज काढलं. आता कुटुंबाला दरवर्षी व्याजापोटी ८४० रुपये आणि दहाव्या वर्षी मुद्दल १२,००० रुपये कराच्या रूपात द्यावे लागतील.

वरवर पाहता २०,४०० रुपये गेले, म्हणजे कर्ज महाग! पण थांबा. आज न भरलेले १२,००० कुटुंबाकडेच आहेत. ते त्याने सात टक्के देणाऱ्या ठिकाणी गुंतवले तर दरवर्षी ८४० मिळतील, ते करात जातील, आणि दहाव्या वर्षी मुद्दल सुटेल, तेही करात जाईल. दहा वर्षांनी हातात शून्य. आज कर भरला असता तरी शून्यच. दोन्ही हिशोब एकाच जागी येतात.

पण या गणितात एक अट लपली आहे: घराला आपल्या बचतीवर तेवढंच उत्पन्न मिळालं पाहिजे, जेवढ्या दराने सरकार कर्ज घेतं. आपल्यातली अनेक घरं व्याज घेत नाहीत. पैसे सोन्यात ठेवतात, जमिनीत घालतात, भावाच्या दुकानात नफ्या-तोट्याच्या भागीदारीने लावतात, नाहीतर चालू खात्यात नुसते पडून राहतात. पडून राहिलेले १२,००० दहा वर्षांनीही १२,००० च राहतील, पण करातून द्यायची रक्कम २०,४०० असेल. अशा घराला कर्जाचा मार्ग महाग पडतो. भागीदारीत सात टक्क्यांहून जास्त नफा झाला तर उलट स्वस्त पडतो. म्हणजे 'कर आणि कर्ज सारखंच' हे सगळ्यांना एकाच मापाने लागू होत नाही. आपला पैसा कुठे आणि कसा ठेवलेला आहे, त्यावर ते ठरतं.

हा विचार कोणाचा?

डेव्हिड रिकार्डो हे इंग्लंडमधले अर्थतज्ज्ञ. नेपोलियनच्या युद्धांनी इंग्लंडवर प्रचंड कर्ज झालं होतं. १८२० साली त्यांनी सरकारी कर्जावर एक लेख लिहिला आणि त्यात हे उदाहरण दिलं: युद्धाला वर्षाला दोन कोटी पौंड लागतात. एकतर ते यंदाच करातून घ्या, नाहीतर पाच टक्क्यांनी कर्ज काढा आणि कायम दरवर्षी दहा लाख पौंड व्याज भरत राहा, किंवा दरवर्षी बारा लाख भरून ४५ वर्षांत कर्ज फेडून टाका. हिशोबाने तिन्ही सारखेच, असं त्यांनी दाखवलं.

पण लगेच पुढे त्यांनीच सांगितलं की लोक असा हिशोब करत नाहीत. युद्धासाठी यंदा दहा लाखच भरावे लागले तर लोकांना युद्धाची किंमत तेवढीच वाटते आणि ते घरखर्च त्याच हिशोबाने ठेवतात. म्हणून कर्जाने माणूस बेफिकीर होतो, असं त्यांचं मत होतं. गंमत अशी की आज या सिद्धांताला त्यांचंच नाव आहे, 'रिकार्डोची समतुल्यता', पण प्रत्यक्ष व्यवहारात ती चालते यावर त्यांचा स्वतःचा भरवसा नव्हता.

जवळपास दीडशे वर्षांनी, १९७४ मध्ये, अमेरिकेतले रॉबर्ट बॅरो यांनी हा विचार पुन्हा मांडला. त्यांच्यासमोर एक आक्षेप होता: कर्ज फेडायची वेळ येईपर्यंत आजची माणसं जिवंतच नसतील, मग ती कशाला साठवतील? बॅरो यांचं उत्तर आई-बापाला लगेच पटेल असं आहे. माणूस आपल्या मुलांचा विचार करतो. मुलांच्या डोक्यावर कराचा बोजा येणार हे कळलं तर तो त्यांच्यासाठी तेवढं जास्त मागे ठेवेल. मुलगा त्यांच्यासाठी, नातू मुलासाठी, अशी साखळी जोडलेली राहिली तर घर कधीच मरत नाही, आणि हिशोबही तुटत नाही.

हिशोब कुठे तुटतो?

परत त्या ६० घरांकडे जाऊ. सिद्धांत जिथे मोडतो त्या जागा तिथेच दिसतात.

एका घरात यंदा पाच हजार आहेतच कुठे? नवरा रोजंदारीवर, पावसाळ्यात काम नाही. वर्गणी यंदाच मागितली तर तिला कानातलं गहाण टाकावं लागेल, नाहीतर वर्षाला वीस टक्क्यांहून जास्त दराचं गटाचं कर्ज उचलावं लागेल. जमातीने कर्जे-हसना काढलं आणि तिला वर्षभर मुदत मिळाली, तर तिचा खरोखर फायदा झाला. जे तिला एकटीला मिळत नव्हतं ते जमातीच्या नावावर मिळालं. राज्याचंही असंच. ज्या बाईला बाजारात वीस-पंचवीस टक्क्यांनी पैसा मिळतो, तिच्या वतीने सरकार सात टक्क्यांनी कर्ज घेतं. ती आलेले पंधराशे रुपये डब्यात ठेवणार नाही. त्यातून ती तांदूळ, औषध, वह्या घेईल, नाहीतर महागडं कर्ज फेडेल. तिने तसं करावं हेच शहाणपणाचं आहे. हा बेहिशोबीपणा नव्हे. तिच्या घरी रिकार्डोचा नियम लागू होत नाही, कारण पुढचं दिसलं तरी आज साठवायला हातात काही नाही.

दुसरं घर वर्षभरात गाव सोडून पनवेलला किंवा मुंब्र्याला गेलं. पुढच्या वर्षी वर्गणी मागायला ५९ घरंच उरली. आता प्रत्येकाला पाच हजारांऐवजी सुमारे ५,०८५ द्यावे लागतील. गेलेल्या घराने शेडखाली सावली घेतली, बिल दुसऱ्यांनी भरलं. कोकणातून मुंबईला आणि आखातात जाणाऱ्या आपल्या घरांना हे सांगायला नको. कर्ज फेडताना कर भरणारी माणसं तीच असतील असं नाही. ज्याला आपण निसटू असं वाटतं, तो साठवत नाही.

तिसरी जागा वाटणीची आहे. वरच्या हिशोबात सरासरी कुटुंबाच्या वाट्याला १२,००० आले, पण ज्या घरात एक लाभार्थी बाई आहे तिथे वर्षाला १८,००० पोचले. ते घर नक्कीच फायद्यात राहिलं. पण हा फायदा पैसा कोणाकडून कोणाकडे गेला याचा आहे. सरकारने श्रीमंतांवर आजच कर लावून ते पैसे दिले असते, तरी तो झाला असता. बोलताना हे दोन प्रश्न आपण एकत्र करतो: कोणाला द्यायचं, आणि पैसा आज घ्यायचा की उद्या. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यातून मिळत नाही.

लोक खरंच पुढचं पाहतात का?

याची एक जवळजवळ स्वच्छ चाचणी अमेरिकेत झाली. १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी पगारातून आधीच कापला जाणारा आयकर कमी केला. आपल्याकडच्या टीडीएससारखीच ही कपात. वर्षाचा एकूण कर मात्र तेवढाच ठेवला. म्हणजे आज महिन्याला सुमारे २९ डॉलर जास्त हातात, आणि पुढच्या वर्षी विवरणपत्र भरताना तेवढा परतावा कमी. सरकारी खर्च बदलला नाही, कराची रक्कम बदलली नाही, बदलली ती फक्त तारीख. सिद्धांताप्रमाणे सगळ्यांनी हे पैसे बाजूला ठेवायला हवे होते.

मॅथ्यू शापिरो आणि जोएल स्लेमरॉड या दोन अर्थतज्ज्ञांनी लोकांना विचारलं. सुमारे ४३ टक्के लोक म्हणाले, आम्ही बहुतेक पैसे खर्च करू. उरलेल्यांचा कल साठवण्याकडे किंवा जुनं कर्ज फेडण्याकडे होता. म्हणजे रिकार्डोचा हिशोब पूर्ण बरोबर ठरला नाही आणि पूर्ण चूकही ठरला नाही. बरीच घरं पुढचं पाहतात, बरीच घरं पाहत नाहीत, किंवा पाहून काही करू शकत नाहीत.

आपल्याकडे असा स्वच्छ पुरावा मिळणं कठीण असतं. २०२०-२१ मध्ये कोविडच्या काळात सरकारचं कर्ज झपाट्याने वाढलं आणि घरांची आर्थिक बचतही वाढली. सिद्धांताशी हे अगदी जुळतं. पण त्या वर्षी दुकानं बंद होती, लग्नं थांबली होती, प्रवास नव्हता, आणि नोकरी जाईल ही भीती होती. लोकांनी उद्याच्या कराच्या विचाराने साठवलं, की खर्च करायला जागाच नव्हती म्हणून? या दोन कारणांना वेगळं करता येत नाही. दोन गोष्टी एकत्र वाढल्या म्हणजे एकीमुळे दुसरी वाढली असं नसतं, हे आम्ही वर्गात मुलांना सांगतो, तेच इथेही लागू आहे.

आपल्या घरासाठी याचा अर्थ

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याचं एकूण कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या आसपास जाईल असा अंदाज होता. तीन कोटी कुटुंबांत वाटलं तर एका घरावर तीन लाखांच्या वर. हे बिल कोणी दारात आणून देणार नाही. ते साबणावरच्या जीएसटीतून, पेट्रोलवरच्या करातून, घर घेताना लागणाऱ्या मुद्रांक शुल्कातून थोडं थोडं वसूल होईल. किंवा कर न वाढवता दुसरीकडचा खर्च कापून, एखादी जागा न भरून, एखादा रस्ता पुढे ढकलून वसूल होईल. पुढचं पाहायचं तर हा दुसरा मार्गही पाहावा लागतो, कारण त्याची पावती मिळत नाही.

म्हणून निवडणुकीत कोणी म्हणालं, "आम्ही कर न वाढवता देऊ," तर लाभार्थी बाईने संकोचायचं कारण नाही, तो तिचा हक्क आहे. पण तिने आणि आपण सगळ्यांनी एक साधा प्रश्न विचारावा: हा खर्च एवढा उपयोगी आहे का, की त्यासाठी आज कर मागितला असता तरी आपण तो दिला असता? उत्तर 'हो' असेल तर कर्ज काढूनही तो खर्च योग्यच. उत्तर 'नाही' असेल तर कर्ज काढल्याने तो योग्य होत नाही, फक्त बिल आपल्या मुलांच्या नावावर जातं.

१९७५ च्या त्या ओळीत निदान हा प्रश्न उघड होता. दर महिन्याला दोनशे रुपये कापलेले दिसतात, म्हणून शिक्षकांच्या खोलीत त्यावर कुरकुर होते. कर्जाचे दोनशे रुपये दिसत नाहीत, म्हणून त्यावर कोणी बोलत नाही. पण दोन्ही एकाच खिशातून जातात.